भागांमधले सांधे खिळखिळे का होतात आणि ते बसवायचे कसे

प्रश्न: मी खानापूरचा. मलप्रभा नदीवर सुमारे 3000 शब्दांचा लेख लिहिलाय. भाग सहा: कणकुंबीचा उगम, खानापूरचा परिसर, नविलतीर्थचं धरण, पट्टदकल, कूडलसंगम आणि शेवटी कळसा-भांडुरा या नाल्यांच्या पाण्याचा वाद. ज्यांनी वाचला ते म्हणतात, एकेक भाग चांगला आहे, पण लेख सलग वाटत नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला 'आता आपण वळूया', 'दरम्यान', 'दुसरीकडे' असं घालून पाहिलं, काही फरक पडला नाही. नेमकं काय करू? भागांची टोकं खाली देतोय.

*खानापूर, शेवट:* "अशी ही खानापूरची समृद्ध परंपरा आजही टिकून आहे." *धरण, सुरुवात:* "आता आपण नविलतीर्थच्या धरणाकडे वळूया. सौंदत्तीजवळ मलप्रभेवर हे मोठे धरण आहे."

*धरण, शेवट:* "या धरणामुळे असंख्य शेतकऱ्यांचे जीवन बदलले." *पट्टदकल, सुरुवात:* "दरम्यान, पट्टदकल हे चालुक्यकालीन मंदिरांसाठी जगप्रसिद्ध आहे."

*कूडलसंगम, शेवट:* "येथे मलप्रभेचा प्रवास संपतो." *वाद, सुरुवात:* "दुसरीकडे, कळसा-भांडुराचा प्रश्न अनेक वर्षे गाजत आहे."

उत्तर:

तुम्ही टोकं दिलीत हे फार बरं केलंत, कारण सगळं दुखणं तिथेच दिसतंय. नेमकी अडचण अशी आहे: प्रत्येक भाग पुढच्या भागाच्या आधी का येतो, हे लेखात कुठेच ठरलेलं नाही. खानापूरनंतर धरण येतं ते नदी तिकडे वाहते म्हणून. नदीला तेवढं कारण पुरतं, वाचकाला पुरत नाही. दोन भागांमधलं नातं आधी लेखकाच्या मनात ठरावं लागतं, मग त्या नात्याला शोभेल तो शब्द आपोआप सुचतो. नातं ठरलेलं नसताना 'दरम्यान' लिहिलं की वाचक तो शब्द ओलांडून जातो आणि त्याला पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते.

मी बेळगावात बरीच वर्षं दिवाळी अंकांसाठी आणि स्थानिक विशेषांकांसाठी लेखांचं संपादन करते. दीर्घ लेख हातात आला की पहिल्या वाचनात मी दुरुस्ती करत नाही. कोरा कागद घेते आणि प्रत्येक भागाचं शेवटचं वाक्य व त्याच्याखाली पुढच्या भागाचं पहिलं वाक्य उतरवून काढते, तुम्ही वर दिलंत अगदी तसंच. उपशीर्षकं मुद्दाम गाळते. उपशीर्षक वाचकाला 'आता नवं काहीतरी' असं सांगून मोकळं करतं आणि त्या आडोशाला कमकुवत सांधा लपून राहतो. उपशीर्षक काढल्यावरही दोन वाक्यं एकापुढे एक वाचता आली तर सांधा पक्का. तुमच्या तिन्ही जोड्या अशा वाचून बघा. पहिल्या जोडीत परंपरेवरून उडी थेट धरणावर आहे. दुसऱ्या जोडीत शेतकऱ्यांवरून चालुक्यांवर. तिसरीत तर प्रवास संपला म्हणून सांगितल्यावर प्रश्न गाजायला लागतो.

कागदावर जोड्या झाल्या की प्रत्येक जोडीच्या मध्ये एक शब्द लिहून बघते: 'म्हणून', 'पण', 'कारण' किंवा 'त्यानंतर'. यातला एखादा प्रामाणिकपणे बसला तर नातं आहे, फक्त ते वाक्यात उतरलेलं नाही. दुरुस्ती सोपी. नुसतं 'आणि' बसत असेल तर मात्र मी थांबते. 'आणि'चा अर्थ असा की हा भाग यादीतला पुढचा नग आहे. मग दुसरी तपासणी: ते दोन भाग मनातल्या मनात अदलाबदल करायचे. काहीच बिघडलं नाही, तर त्या क्रमाला आधार नाही. तुमचं पट्टदकल आणि धरण आज जसे लिहिलेत तसे बिनबोभाट अदलाबदल होतात. ही गोष्ट कोणत्याही जोडशब्दाने झाकली जाणार नाही.

इथे एक सांगितलं पाहिजे. प्रत्येक लेखाला इतके घट्ट सांधे लागत नाहीत. हाच लेख वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत सहा आठवडे क्रमशः येणार असता, तर प्रत्येक भाग स्वतःपुरता पुरा होणं हेच योग्य ठरलं असतं आणि 'अशी ही परंपरा' हा शेवटही खपून गेला असता. काळाच्या क्रमाने जाणाऱ्या लेखातही वर्षंच बरंचसं काम करतात. तुमचा लेख एका बैठकीत वाचायचा आहे आणि स्थळांच्या क्रमाने जातो. स्थळांचा क्रम हा सगळ्यांत फसवा. नकाशावर ठिकाणं शेजारी असतात म्हणून आपल्याला वाटतं की मजकुरातही ती शेजारी बसली.

आता पहिली जोडी घेऊ, कारण तिच्यात मला वारंवार भेटणारा दोष आहे. "अशी ही खानापूरची समृद्ध परंपरा आजही टिकून आहे." हे वाक्य दार लावून घेणारं आहे. भाग वेगवेगळ्या दिवशी लिहिले की असं होतंच. त्या दिवशीचं लिखाण संपवताना हात आपोआप एक समारोपाचं वाक्य लिहितो, आणि सहा भागांचे सहा समारोप होतात. वाचक मग पाच वेळा लेख संपल्यासारखा थांबतो. माझा पहिला उपाय ठरलेला आहे: प्रत्येक भागाचं शेवटचं वाक्य खोडायचं आणि त्याच्या आधीचं वाक्य शेवटी येऊ द्यायचं. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच सांधा जुळतो, कारण आधीच्या वाक्यात एखादी खरी वस्तू असते: माती, पाऊस, खाचर, पूल. पुढच्या भागाला धरायला काहीतरी मिळतं. 'परंपरा' आणि 'समृद्ध' यांना पुढचा भाग धरू शकत नाही.

खोडल्यानंतरही उडी राहिली तर नातं शोधावं लागतं, आणि ते विषयात शोधायचं, शब्दांत नाही. खानापूर आणि नविलतीर्थ यांच्यात खरं नातं काय आहे? पाऊस. कणकुंबी सह्याद्रीच्या माथ्यावर, खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग जंगलाचा आणि धो-धो पावसाचा, म्हणून तिथे भात. तिथून पूर्वेला उतरत गेलं की पाऊस झपाट्याने कमी होतो आणि सौंदत्तीच्या काळ्या रानात पोचेपर्यंत मुलूख कोरडवाहू झालेला असतो. नदी तीच, पण तिच्याकडे बघण्याची काठावरच्या माणसाची गरज पार बदललेली. धरण तिथे का, याचं उत्तर इथे आहे, आणि तुमच्या दोन्ही भागांत याची सामग्री बहुधा आधीच असेल. मी सांधा असा बसवीन:

*(खानापूर, शेवट)* "खानापूरच्या पश्चिमेला भाताच्या खाचरांना पाऊसच पुरतो, नदीकडे पाणी मागावं लागत नाही."

*(धरण, सुरुवात)* "हा पाऊस पूर्वेकडे फार दूर जात नाही. सौंदत्तीच्या काळ्या रानात पिकाला पाणी हवं तर ते नदीतूनच यायला हवं. मलप्रभा अडवली ती नविलतीर्थला, जिथे ती डोंगरातल्या अरुंद खिंडीतून बाहेर पडते."

यात 'आता आपण वळूया' कुठे गेलं हे कोणी विचारणार नाही. दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, पुढच्या भागाचं पहिलं वाक्य 'हा पाऊस' अशा ओळखीच्या गोष्टीने सुरू होतं आणि नवी गोष्ट वाक्याच्या शेवटाकडे येते. वाचकाने नुकतंच जे हातात धरलंय तेच पुढे करायचं आणि त्याच्या आधाराने नवीन द्यायचं. दुसरी गोष्ट आपल्या मराठीची सोय आहे. "नविलतीर्थला मलप्रभा अडवली" असं लिहिलं असतं तर वाक्याच्या तोंडाशीच अनोळखी नाव आलं असतं. "मलप्रभा अडवली ती नविलतीर्थला" म्हटलं की जुनं पुढे येतं, नवं मागे जातं आणि त्याच्यावर जोर पडतो. मराठीत शब्दक्रम इतका सैल आहे की हे फुकट मिळतं. भागाच्या पहिल्या वाक्यात ही सोय आवर्जून वापरावी, पण प्रत्येक भागात नको, नाहीतर तीच लकब कानाला टोचते.

'हा पाऊस' असं लिहिलंय, नुसतं 'यामुळे' लिहिलेलं नाही, हेही मुद्दाम. 'यामुळे', 'त्यातूनच', 'अशा परिस्थितीत' हे शब्द परिच्छेदाच्या आत चालतात, कारण मागचं वाक्य डोळ्यासमोर असतं. भाग बदलताना मध्ये मोकळी जागा असते, उपशीर्षक असतं, कधी फोटो असतो. तेवढ्या अंतरावरून 'यामुळे' म्हणजे कशामुळे, हे वाचकाला कळत नाही. तिथे नाम लागतंच: या पावसामुळे, या उतारामुळे, या खिंडीमुळे. अशा शब्दाच्या पुढे नाम लिहिता येत नसेल, तर आपल्यालाच कारण ठाऊक नाही असं समजावं.

आता कळसा-भांडुराचा भाग. तो शेवटी फेकल्यासारखा वाटतो, आणि शब्द बदलून ते सुधारणार नाही. भागच हलवावा लागेल. कुठे, हे लेख कशाबद्दल आहे त्यावर ठरेल. लेख उगमाबद्दल असेल तर हा भाग कणकुंबीला लागून यावा. कारण गोष्ट मुळात त्याच गावच्या आसपासची आहे: मलप्रभा तिथून पूर्वेला निघते आणि कृष्णेला मिळते, तर जवळचाच कळसा नाला म्हादई नदीला मिळून गोव्याकडे, पश्चिमेला जातो. एकाच रानातलं पाणी दोन समुद्रांच्या वाटेला लागतं. लेख नदीवर जगणाऱ्या माणसांबद्दल असेल, आणि मला तुमचा तसा वाटतोय, तर हा भाग धरणानंतर यावा. कारण मागणी तिथून येते: धरणामागचा रेणुकासागर जलाशय सगळ्याच वर्षी भरत नाही, हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी तिथून जातं, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायची योजना आली.

धरणानंतर तो ठेवला तर सांधा कारणाचा होतो, 'म्हणून'चा. पण एक अडचण उरते: नदीच्या ओघात आपण सौंदत्तीला पोचलो आणि आता पुन्हा कणकुंबीला परत जायचंय. उलटं जाणं हा दोष नाही, ते लपवणं हा दोष आहे. परतीची वाट वाचकाला सरळ सांगावी:

*(धरण, शेवट)* "पाऊस कमी झाला की रेणुकासागराची पातळी भरण्याच्या खुणेखालीच राहते, आणि ज्या शहरांचं पिण्याचं पाणी इथून जातं त्यांचीही चिंता सुरू होते."

*(वाद, सुरुवात)* "या न भरणाऱ्या धरणाचं उत्तर शोधायला सगळे पुन्हा वर, कणकुंबीला गेले."

'पुन्हा वर' या दोन शब्दांत वाचकाला दिशा मिळते. मग त्या भागात लवादाचं काय झालं ते सांगा. 2010 मध्ये म्हादईसाठी लवाद नेमला गेला आणि 2018 मध्ये त्याचा निवाडा आला, एवढा काळाचा क्रम पुरे आहे. निवाड्यानेही वाद मिटला नाही, हे सांगताना कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्या भूमिका तोलून मांडा. सीमाभागात असा भाग लिहिताना आपल्या हातून बाजू घेतली जाते आणि मग सुराचा सांधाही तुटतो: पाच भाग नदीचे, एक भाग भाषणाचा.

आता या नव्या क्रमात पट्टदकल वादाच्या मागून येईल. 'दरम्यान' तर जाऊच दे, कारण तो शब्द एकाच वेळी घडणाऱ्या दोन गोष्टींसाठी आहे, आणि सातव्या-आठव्या शतकातली मंदिरं धरणाच्या दरम्यान कशी येतील? वाद पाणी कमी पडण्याचा आहे. पट्टदकलला मलप्रभेचं पाणी जास्त झालं तेव्हाची आठवण ताजी आहे: ऑगस्ट 2019 चा पूर, तेव्हा मंदिरांच्या आवारात पाणी शिरलं होतं. आपल्याकडच्या प्रत्येकाला तो महिना लक्षात आहे. इथे सांधा 'पण'चा आहे, आणि तो तुमच्या लेखातला सगळ्यांत चांगला सांधा होऊ शकतो:

*(वाद, शेवट)* "पाणी कमी पडलेल्या वर्षांत हा वाद नव्याने पेटतो."

*(पट्टदकल, सुरुवात)* "2019 च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेला पाणी कमी नव्हतं. धरणाच्या खालच्या अंगाला पट्टदकलची मंदिरं पुराच्या पाण्यात उभी होती. चालुक्यांनी ती नदीच्या इतक्या काठाला बांधली कशासाठी?"

आणि उत्तर तुमच्याकडे आहे. इथे मलप्रभा उत्तरेला वळते, उत्तरवाहिनी नदी पवित्र मानतात, आणि चालुक्य राजांचे राज्याभिषेक या जागी होत. जागतिक वारसा यादीत 1987 मध्ये नाव आलं ही माहिती पहिल्या वाक्यात नको, ती पुढे कुठेही जाईल. 'जगप्रसिद्ध आहे' अशी सुरुवात म्हणजे नवा लेख सुरू झाल्याची खूण, आणि आपल्याला तीच टाळायची आहे. प्रश्नाने भाग उघडण्याची ही युक्ती मात्र पूर्ण लेखात एकदाच वापरा. दुसऱ्यांदा वापरली की वाचकाला तिची चाहूल आधीच लागते.

दोन बारीक गोष्टी सांगते, कारण नातं पक्कं असूनही काही सांधे खरखरीत राहतात ते या कारणांनी. एक, काळ आणि सर्वनाम. तुमच्या टोकांमध्ये एके ठिकाणी 'आपण वळूया' आहे, बाकी ठिकाणी कोरडं तृतीयपुरुषी निवेदन. कणकुंबीचा भाग 'मी गेलो, पाहिलं' असा असेल आणि धरणाचा 'बांधण्यात आले' असा, तर वाचकाला माणूस बदलल्यासारखं वाटतं. प्रत्येक भागातली पहिली दोन वाक्यं घ्या आणि क्रियापदांखाली रेघ ओढा. बोलणारा कोण आणि काळ कोणता, एवढंच बघायचं. बोलीभाषेतलं 'होतं' आणि लेखी वळणाचं 'होते' हेही एकाच वळणाचं ठेवा.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची आहे. आपल्याकडे गावाला आणि नाल्याला दोन-दोन नावं असतात. सौंदत्ती आणि सवदत्ती, भांडुरा आणि बंडूरी, हुबळी आणि हुब्बळ्ळी, बेळगाव आणि बेळगावी. संदर्भ मराठी असला की एक नाव येतं, कन्नड बातमीवरून घेतलं की दुसरं. भागाच्या मध्येच बदललं तर चालून जातं, पण नेमकं सांध्यावर बदललं तर पुण्या-मुंबईचा वाचक समजतो की नवी जागा आली, आणि धागा तिथेच सुटतो. एक नाव ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा; दुसरं द्यायचंच असेल तर पहिल्या उल्लेखाच्या वेळी एकदा द्या. धरणाचंही तसंच आहे. 'नविलतीर्थ' आणि 'रेणुकासागर' हे बांध आणि त्याच्या मागचा जलाशय आहेत हे एकदा स्पष्ट करा, म्हणजे सांध्यावर कोणतंही नाव आलं तरी वाचक चुकणार नाही. वरच्या माझ्या नमुन्यांत दोन्ही नावं आहेत, ती तुमच्या धरणाच्या भागात हे स्पष्ट झालं असेल असं धरून.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी भाग हलवा, मग समारोपाची वाक्यं खोडा, मग सांध्याची दोन-दोन वाक्यं नव्याने लिहा, आणि काळ-नावं सर्वांत शेवटी. उलट केलंत तर घासून गुळगुळीत केलेली वाक्यं भाग हलवताना वाया जातात.

राहिला कूडलसंगम. कळसा-भांडुरा शेवटून उठून वर गेला की लेख आपोआप संगमावर संपतो. तिथे जाताना सांधा घट्ट करू नका. पट्टदकलनंतर एक ओळ मोकळी सोडा आणि मलप्रभा कृष्णेला मिळते ते सरळ सांगा. आधीचे सगळे सांधे कारणांनी बांधलेले असले की वाचक इतका पुढे आलेला असतो की ही एक मोकळी जागा तो स्वतः ओलांडतो. आणि "येथे मलप्रभेचा प्रवास संपतो" हे वाक्य त्या भागातूनही काढा.